साठ लाख किती वर्षे पुरतील?

नमस्कार श्रोतेहो.

आज हाताशी एक कागद आणि पेन्सिल ठेवलीत तर बरं. आकडे फार नाहीत, पण जे आहेत ते लिहून घेतले की जास्त लक्षात राहतील.

माझे मावसभाऊ, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, भोसरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. घर धायरीला. अण्णांचं वय 60, वहिनी 56 वर्षांच्या. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि आयुष्यभराची शिल्लक मिळून 60 लाख रुपये हातात आले. ईपीएसची पेन्शन येते ती दूध आणि औषधं यांतच संपते. घरखर्चाला महिन्याला आणखी 50,000 लागतील असा दोघांनी हिशेब केला, आणि कोणीतरी सुचवलं म्हणून म्युच्युअल फंडात पैसे ठेवून सिस्टिमॅटिक विथड्रॉवल प्लॅन, म्हणजे एसडब्ल्यूपी, सुरू करायचं ठरवलं. तुम्ही एकदा तारीख आणि रक्कम कळवायची. दर महिन्याला त्या तारखेला फंड तुमची तेवढ्या रकमेची युनिट्स विकतो आणि पैसे बँकेत जमा होतात.

मोबाइलवरच्या गणकयंत्रात अण्णांनी तीन आकडे भरले. रक्कम 60 लाख, दरमहा 50,000, परतावा 8 टक्के. उत्तर आलं, 20 वर्षे 2 महिने. अण्णा मला म्हणाले, "अरे, ऐंशीपर्यंतची चिंता मिटली."

हे उत्तर गणित म्हणून अगदी बरोबर आहे. पण ते कशातून आलं हे कळावं म्हणून मी त्यांच्यासमोर शंभरपानी वही उघडली. तुम्हीही हे करू शकता. शिल्लक गुणिले 8, भागिले 1200, हा झाला त्या महिन्याचा परतावा. पहिल्या महिन्यात 60 लाखांवर तो येतो 40,000. काढले 50,000. म्हणजे मुद्दल फक्त 10,000 नी घटलं. पुढच्या महिन्यात परतावा 67 रुपयांनी कमी, म्हणून मुद्दल 10,067 नी घटतं. किती किरकोळ वाटतं पाहा. पाच वर्षांनीसुद्धा खात्यात 52 लाख 65 हजार दिसतात. दहा वर्षांनी 41 लाख 70 हजार. पंधरा वर्षांनी 25 लाख 40 हजार. आणि विसाव्या वर्षाच्या अखेरीस उरतात जेमतेम 1 लाख 10 हजार, दोन महिन्यांचा खर्च.

घसरण कशी वाढत गेली ते पाहा. पहिल्या पाच वर्षांत साडेसात लाखही कमी झाले नाहीत, शेवटच्या पाच वर्षांत 24 लाखांहून जास्त गेले. सुरुवातीची वर्षं माणसाला निवांत ठेवतात, आणि खड्डा दिसू लागतो तेव्हा वय 75 झालेलं असतं. मला या योजनेची सर्वात जास्त भीती वाटते ती याचसाठी.

आणखी एक गंमत वहिनींच्या लक्षात आली. त्यांनी हेच आकडे दुसऱ्या गणकयंत्रात भरले, तर उत्तर आलं 19 वर्षे 3 महिने. चूक कोणाचीच नाही. एकाने 8 टक्क्यांना सरळ बाराने भागून महिन्याचा दर घेतला. दुसऱ्याने वर्षाअखेर बरोबर 8 टक्केच होतील असा जरा कमी दर धरला. एवढ्याशा फरकाने जवळजवळ एक वर्ष हललं. महिन्यांपर्यंत अचूक दिसणाऱ्या उत्तरावर किती विसंबायचं, ते यावरून ठरवा. परतावा 8 ऐवजी 6 टक्के धरला, तर हेच उत्तर 15 वर्षे 4 महिन्यांवर येतं.

पण खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती वहिनींनीच विचारली. त्या म्हणाल्या, "अहो भाऊजी, वीस वर्षांनीही आम्ही पन्नास हजारच काढायचे का?"

गणकयंत्राने तेच धरलं होतं! महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर वीस वर्षांनी मिळणाऱ्या 50,000 मध्ये आजच्या जेमतेम 15,600 रुपयांचा बाजार येईल. सोसायटीचा मेंटेनन्स, गॅस, दवाखाना, सगळं त्यातच. म्हणून आम्ही गणित पुन्हा मांडलं: परतावा 8 टक्केच, पण काढायची रक्कम दर वर्षी 6 टक्क्यांनी वाढवायची. पहिल्या वर्षी महिना 50,000, दुसऱ्या वर्षी 53,000, असं पुढे. बाराव्या वर्षी त्याच संसाराला महिन्याला 95,000 लागू लागतात. आणि पैसे पुरतात 11 वर्षे 8 महिने.

वीस वर्षांचे साडेअकरा झाले. अण्णा बराच वेळ वहीकडे पाहत बसले. त्यांच्या 72 व्या वर्षी खातं रिकामं होणार होतं, आणि वहिनी तेव्हा 68 च्या असणार होत्या.

इथे एक सोपा ताळा सांगतो, तो लिहून घ्या. परतावा आणि महागाई अगदी सारखी असेल, तर एकूण रकमेला वर्षाच्या खर्चाने भागलं की वर्षं मिळतात. साठ लाख भागिले सहा लाख, दहा वर्षे. परतावा महागाईच्या दोन टक्के वर राहिला, तरी दहाची फक्त साडेअकरा होतात. कोणी तुम्हाला पंचवीस वर्षांचं चित्र दाखवलं, तर आधी हा भागाकार करा. उत्तर फारच लहान आलं, तर त्या चित्रात खर्चाची वाढ धरलेली आहे का, हे विचारा.

आता बाजाराकडे येऊ. आपण दर वर्षी 8 टक्के धरले, पण कोणताही शेअर बाजाराशी जोडलेला फंड सरळ 8 टक्के देत नाही. समजा तीन वर्षांत तो एकदा 20 टक्के पडला, एकदा 12 टक्के आणि एकदा 32 टक्के वाढला. सरासरी 8 टक्केच. पैसे नुसते पडून असतील, तर हा क्रम कसाही असला तरी 60 लाखांचे तिसऱ्या वर्षाअखेर जवळपास 71 लाख होतात. पण आपण दर वर्षी काढतो आहोत. सोपं जावं म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच 6 लाख काढले असं धरा. आधी 32, मग 12 टक्के वाढ आणि पडझड शेवटी आली, तर उरतात 53 लाख 70 हजार. हाच क्रम उलटा होऊन पडझड पहिल्याच वर्षी आली, तर 47 लाख 10 हजार. फंड तोच, सरासरी तीच, आणि फरक साडेसहा लाखांचा. वर्षाच्या खर्चापेक्षाही जास्त.

याचं कारण युनिट्समध्ये आहे. फंडाचं एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, 40 रुपये असताना 50,000 साठी 1,250 युनिट्स विकावी लागतात. तेच 32 वर आलं, की 1,562 हून जास्त. ही जादा विकलेली युनिट्स बाजार सावरल्यावर परत येत नाहीत. म्हणून स्टेटमेंट आलं की नुसती रक्कम पाहू नका, युनिट्सचा आकडा पाहा. चढत्या बाजारात रक्कम वाढलेली दिसते आणि युनिट्स मात्र घटत असतात. तुमच्याकडे 1,50,000 युनिट्स असतील आणि महिन्याला 1,250 जात असतील, तर एनएव्ही जागचं हललं नाही तर दहा वर्षांत ती संपतील, हे त्या एका ओळीत दिसतं.

कराबद्दल थोडक्यात. दरमहा येणारी सगळी रक्कम उत्पन्न म्हणून धरली जात नाही, तिच्यातल्या नफ्यावरच कर लागतो. 40 ला घेतलेली युनिट्स 44 ला विकून 50,000 उचलले, तर नफा साधारण 4,500 रुपयांचा. भारतीय शेअर्स 65 टक्के किंवा अधिक असलेल्या फंडात वर्षभरानंतर विकलेल्या युनिट्सवर, 23 जुलै 2024 पासून, वर्षाला सव्वा लाखापलीकडच्या नफ्यावर साडेबारा टक्के. वर्षाच्या आत विकली तर 20 टक्के. शिवाय अशा बऱ्याच फंडांत पहिल्या वर्षी एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्याचं शुल्क, असतो. म्हणून पैसे घातल्याच्या दुसऱ्याच महिन्यात तिथून एसडब्ल्यूपी सुरू करणं महागात पडतं.

अण्णांनी मग काय केलं? मी त्यांना आधी उलटं गणित करून दाखवलं: 25 वर्षे पुरवायचे असतील आणि दर वर्षी 6 टक्के वाढ हवी असेल, तर सुरुवात महिना 26,700 वरून करावी लागते. वहिनींचं वय पाहता 25 वर्षे काही जास्त नाहीत. पण एवढ्यात घर चालणार नव्हतं. शेवटी सुरुवात 30,000 वर ठरली, आणि अण्णांनी नऱ्ह्याला एका वर्कशॉपमध्ये अर्ध्या दिवसाचं स्टोअरचं काम धरलं. हे आकडे 8 टक्क्यांवर साडेएकवीस वर्षे चालतात.

तीन वर्षांचा खर्च, म्हणजे साडेअकरा लाख, त्यांनी लिक्विड आणि अल्प मुदतीच्या डेट फंडात, म्हणजे शेअर बाजारात पैसे न लावणाऱ्या फंडांत, वेगळा ठेवला. एसडब्ल्यूपी तिथून येते. बाकीचे पैसे वाढीसाठी दुसरीकडे, आणि तिकडचं चांगलं वर्ष गेलं की त्यातून ही बाजू भरून घ्यायची. पडझडीच्या वर्षी तिकडच्या युनिट्सना हात लावायचा नाही. याची किंमत आहे, ती लपवत नाही. शांत ठेवलेले पैसे कमी कमावतात, आणि एकूण परतावा 7 टक्क्यांवर आला, तर साडेएकवीसची 19 वर्षे होतात. तरीही मी हेच सुचवलं. कागदावरची अडीच वर्षं गेली, पण पहिल्याच वर्षी बाजार कोसळला तर युनिट्स स्वस्तात विकायची वेळ येणार नाही.

आता दर एप्रिलला अण्णा वही काढतात. एका रकान्यात शिल्लक, दुसऱ्यात युनिट्स, तिसऱ्यात वर्षाचा खर्च, आणि चौथ्यात पहिल्याला तिसऱ्याने भागून आलेला आकडा. सुरुवातीला तो साडेसोळाच्या थोडा वर होता. दर वर्षी एकाने कमी झाला तर ठीक. दोनाने घटला, तर त्या वर्षी 6 टक्क्यांची वाढ घ्यायची नाही, असं त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. खाली दोघांच्या सह्या आहेत.

नमस्कार.