रेस चढते, ट्रक चढत नाही

[दृश्य: चढावर हळूहळू सरकणारा लादलेला ट्रक. इंजिनाचा आवाज वाढत जातो, वेग तसाच.]

निवेदन:
आवाज ऐका. ड्रायव्हरनं ॲक्सिलेटर दाबला, इंजिनाचे फेरे वाढले, पण ट्रकचा वेग तेवढाच राहिला. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचण्याआधीच कुठेतरी हरवते आहे. थोड्या वेळानं केबिनमध्ये जळका, उग्र वास शिरेल. क्लच प्लेटच्या लायनिंगमधली राळ जळायला लागली की असा वास येतो.

या ट्रकची क्लच प्लेट नुकतीच बदललेली आहे. म्हणून ड्रायव्हरचा सगळा राग प्लेटवर आहे. माल डुप्लिकेट असणार, असं त्याला वाटतं.

[दृश्य: पेडलजवळ धरलेली मोजपट्टी.]

मिस्त्री मात्र गिअरबॉक्सला हात लावत नाही. इंजिन बंद करून तो पेडल हातानं दाबतो, बोटांच्या जोरानं. पेडलचा सुरुवातीचा थोडा प्रवास मोकळा असायला हवा, म्हणजे काही न लागता पेडल खाली गेलं पाहिजे. यालाच फ्री प्ले म्हणतात. यांत्रिक जोडणीच्या बऱ्याच ट्रकमध्ये हा प्ले पेडलपाशी साधारण 30 ते 40 मिलीमीटर असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. इथे पेडलला हात लावताच जोर लागतो. प्ले शून्य.

इंजिनासोबत फिरणाऱ्या फ्लायव्हीलच्या चकतीवर क्लच प्लेट दाबून धरते ती स्प्रिंगची प्रेशर प्लेट. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग तिची बोटं रेटतं आणि पकड सुटते. पेडलवरच्या त्या तीनचार सेंटिमीटरचा अर्थ आत, रिलीज बेअरिंगपाशी, जेमतेम दोनतीन मिलीमीटर एवढाच होतो. पाय पेडलवर नसताना हे बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांपासून तेवढं लांब राहायला हवं. प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिची बोटं उलट मागे, बेअरिंगच्या दिशेनं येतात. मधलं अंतर दर खेपेला थोडंथोडं कमी होत जातं. ते संपलं की बेअरिंग बोटांवर कायमचं टेकतं. म्हणजे पाय पेडलवर नसतानाही क्लच कुणीतरी हलकासा दाबून धरल्यासारखा होतो. स्प्रिंगची पकड कमी पडते, प्लेट घसरते, घसरल्यानं तापते, तापल्यानं आणखी झिजते, आणि झीज वाढली की बोटं बेअरिंगवर आणखी जोरात रेटतात.

नवी प्लेट तर सुरुवातीलाच जास्त झिजते, कारण तिचा पृष्ठभाग अजून बसायचा असतो. त्यातच या ट्रकचा प्ले प्लेट बसवताना मुद्दाम कमी ठेवला होता. पेडल वरच्या वर लागलं की ड्रायव्हरला बरं वाटतं! जो थोडा प्ले होता, तो पहिल्या काही खेपांमध्येच खाऊन झाला.

हायड्रॉलिक क्लच आहे म्हणून निश्चिंत राहू नये. अनेक गाड्यांमध्ये झीज आपोआप भरून निघते हे खरं. पण मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडला मोकळीक नसेल, तर तेल टाकीत परत जायची वाट बंद राहते. तापून फुगलेलं तेल आतच अडकतं आणि क्लच अर्धवट दाबलेला राहतो.

[दृश्य: काट्यावर उभा ट्रक.]

आता वजनाकडे येऊ. माल जास्त म्हणून क्लच घसरतो, हे अर्धंच खरं. इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क वजनानं बदलत नाही, आणि त्याहून थोडा जास्त टॉर्क पेलण्याची ताकद क्लचमध्ये ठेवलेली असते. धड असलेला क्लच एकदा पूर्ण लागला की ओव्हरलोड ट्रकमध्येही घसरू नये. ओव्हरलोड क्लचला मारतो तो उठावाच्या वेळी, म्हणजे क्लच अर्धा लागलेला असताना.

समजा, 25 टनांचा ट्रक आठ टक्के चढावर उभा आहे. ड्रायव्हर ब्रेक न लावता, हाफ क्लचवर, त्याला जागेवर धरून ठेवतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये, इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांवर. पहिल्या गिअरमध्ये इंजिन चाकांच्या 54 पट फिरतं असं धरलं, तर क्लचमध्ये सुमारे 19 किलोवॉट उष्णता तयार होते. म्हणजे एक किलोवॉटचे 19 हीटर एका बंद डब्यात लावले, असं समजा. आता वजन 35 टन करा आणि गिअर दुसरा, म्हणजे 33 पट. तीच उष्णता 44 किलोवॉटच्या आसपास जाते. दुपटीहून जास्त, आणि ट्रक अजून जागेवरून हललेलासुद्धा नाही.

ड्रायव्हर लोक दुसऱ्यावर का उठवतात, हे समजतं. पहिला गिअर लगेच संपतो, चढावर गिअर बदलताना गाडी मागे जाईल ही भीती असते. पण त्या भीतीची किंमत क्लच मोजतो. पायाची दुसरी खोड म्हणजे सपाट रस्त्यावरही बूट पेडलवर ठेवून चालवायचं. प्ले असला तरी मग त्याचा उपयोग उरत नाही.

[दृश्य: गिअरबॉक्स उतरवला आहे. फ्लायव्हीलवर टॉर्चचा उजेड.]

गिअरबॉक्स उतरवल्यावर आणखी एक कारण समोर येतं. फ्लायव्हील आरशासारखं चकचकीत झालं आहे. मध्येमध्ये निळसर डाग, आणि त्यांत केसासारख्या बारीक रेघा. मागच्या वेळी प्लेट बदलली तेव्हा हे फ्लायव्हील फक्त कापडानं पुसून परत लावलं होतं. गुळगुळीत झालेल्या लोखंडावर घर्षण कमी मिळतं, म्हणून नवी प्लेटही पहिल्या दिवसापासून घसरत होती. निळ्या जागा अतितापानं टणक झालेल्या असतात. तिथे प्लेट नीट टेकत नाही आणि गाडी उचलताना थरथरते.

"काका, नुसता पॉलिश पेपर मारून चालेल ना?" ड्रायव्हर विचारतो.

मिस्त्री सरळ पट्टी फ्लायव्हीलवर उभी धरतो. पट्टीखाली मधल्या भागात उजेड दिसतो. "वरची चकाकी जाईल रे. पण हे मधे बसलंय, ते कागदानं सपाट होत नाही."

फ्लायव्हील मशीनवर ग्राइंड करायला जातं. टणक डाग पूर्ण निघेपर्यंत कापायचं, पण कंपनीनं दिलेल्या किमान जाडीच्या खाली जायचं नाही. रेघा खोल निघाल्या, किंवा बोल्टच्या भोकापर्यंत पोहोचल्या असल्या, तर फ्लायव्हील बदलायलाच लागतं, कारण वेगानं फिरताना ते फुटू शकतं. काही फ्लायव्हीलवर प्रेशर प्लेट बसण्याची जागा वेगळ्या पातळीवर असते. तिथे दोन्ही पातळ्या सारख्याच कापाव्या लागतात, नाहीतर पकड बदलते. क्रँकचा मागचा ऑईल सील गळतो का, हेही याच वेळी बघून घ्यायचं. तेलाचा थेंब लायनिंगवर पडला की बाकी मेहनत पाण्यात.

[दृश्य: ट्रक पुन्हा रस्त्यावर.]

या वेळी पेडलचा प्ले मोजून ठेवला आहे, आणि पहिल्या काही खेपांनंतर तो पुन्हा मोजायचं ठरलं आहे. चढावर थांबलं की हँडब्रेक, आणि उठाव पहिल्या गिअरवर. क्लच पकडतोय हे जाणवलं की मगच ब्रेक सोडायचा. तरीही वास आलाच, तर बाजूला थांबून गाडी न्यूट्रल करायची, पेडलवरून पाय काढायचा आणि इंजिन चालू ठेवून क्लच निवू द्यायचा. पाणी मारायचं नाही, तापलेलं लोखंड तडकतं.

मालासकट ट्रकचं वजन मात्र अजून 35 टनच आहे. पहिल्या गिअरवर, ब्रेक न लावता हाफ क्लचवर धरलं, तर त्याच चढावर क्लचमध्ये 19 ऐवजी जवळपास 27 किलोवॉट उष्णता तयार होते, म्हणून हँडब्रेकच्या सवयीसोबत जादाचे दहा टनही खाली उतरवायला हवेत.