कार्बोनेटचं टायट्रेशन: इंडिकेटर कोणता आणि स्ट्रेंथ किती, दोन्हींचं उत्तर एकाच प्रश्नात

नमस्कार. टायट्रेशनच्या गणितात मुलं दोन गोष्टी वेगवेगळ्या पाठ करतात. एक, कुठल्या जोडीला कुठला इंडिकेटर याचा तक्ता. दुसरी, स्ट्रेंथ काढायचं सूत्र. मला वाटतं, या दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: रंग बदलला त्या क्षणी फ्लास्कमध्ये काय उरलंय? त्याचं उत्तर नीट आलं, तर इंडिकेटरही सापडतो आणि गणितही बसतं.

हे दाखवायला मी एकच उदाहरण घेतोय. १ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार केलंय आणि त्याची नेमकी स्ट्रेंथ काढायची आहे. प्रायमरी स्टँडर्ड म्हणून निर्जल सोडियम कार्बोनेट. मुद्दाम हेच निवडलंय, कारण इथे इंडिकेटर चुकला तर उत्तर थेट दुप्पट येतं.

[स्क्रीनवर: दोन समीकरणं]

```
Na2CO3 + HCl → NaHCO3 + NaCl
NaHCO3 + HCl → NaCl + H2O + CO2
```

कार्बोनेट ॲसिड दोन टप्प्यांत घेतं. पहिल्या टप्प्याच्या शेवटी फ्लास्कमध्ये सोडियम बायकार्बोनेट असतं आणि pH साधारण ८.३. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी मीठ, पाणी आणि त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. त्या कार्बन डायऑक्साइडमुळे pH ४ च्या आसपास उतरलेला असतो.

आता इंडिकेटर. फिनॉल्फ्थॅलिन रंग बदलतं साधारण ८.३ ते १० या पट्ट्यात, म्हणजे गुलाबी रंग जातो तो पहिल्या टप्प्याच्या शेवटी. मिथिल ऑरेंजचा पट्टा ३.१ ते ४.४. ते दुसरा टप्पा संपेपर्यंत पिवळंच राहतं. म्हणजे दोन्ही इंडिकेटर बरोबर काम करतात, फक्त दोन वेगवेगळ्या जागा दाखवतात. आपण कोणत्या जागी थांबलो, हे गणिताला कळायला हवं.

आकडे घेऊ. सोडियम कार्बोनेट वजन केलं १.५०६ ग्रॅम. ते आधी २७० अंश सेल्सिअसला तासभर तापवून, डेसिकेटरमध्ये गार करून घेतलेलं. हे तापवणं टाळू नका. पावडरीत ओल असेल तर वजनात पाणीही कार्बोनेट म्हणून मोजलं जातं. ॲसिड कमी लागतं आणि त्याची स्ट्रेंथ खरीपेक्षा जास्त निघते.

ही पावडर १०० मिली पाण्यात विरघळवली. सोडियम कार्बोनेटचा मोलर मास १०५.९९. १५०६ मिलिग्रॅमला त्याने भागलं की १४.२१ मिलिमोल येतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच चालणार आहे.

दुसऱ्या टप्प्यापर्यंत गेलात तर प्रत्येक कार्बोनेटला दोन ॲसिड लागतात. म्हणजे २८.४२ मिलिमोल ॲसिड. ब्युरेटवर समजा २८.१ मिली खर्च झालं.

```
मोलॅरिटी = 28.42 / 28.1 = 1.011
```

आता समजा, कुणी याच फ्लास्कमध्ये फिनॉल्फ्थॅलिन टाकलं. गुलाबी रंग साधारण १४.०५ मिलीला जाईल. सूत्र मात्र वहीतलं जुनंच, दोन ॲसिड धरणारं. २८.४२ भागिले १४.०५, उत्तर २.०२. १ मोलरचं म्हणून बनवलेलं ॲसिड २ मोलरचं निघालं. इथे रीडिंगमध्ये काही चूक नाही. गुलाबी रंग गेला तेव्हा फ्लास्कमध्ये अजून सगळं बायकार्बोनेट शिल्लक होतं, म्हणजे कार्बोनेटमागे एकच ॲसिड खर्च झालं होतं. १४.२१ भागिले १४.०५ करा, परत १.०११ येतं.

मग फिनॉल्फ्थॅलिन घेऊन एकास एक हिशोब केला तर चालेल का? कागदावर चालेल, प्रत्यक्षात मी करणार नाही. ८.३ जवळ pH चा उतार अगदी सपाट आहे. गुलाबी एकदम जात नाही, फिकट होत होत जातो, आणि नेमका कुठल्या थेंबाला गेला हे दोन माणसं दोन प्रकारे सांगतील. शिवाय वाचलेलं व्हॉल्यूमही निम्मं, त्यामुळे तेवढ्याच चुकीचं प्रमाण दुप्पट. चांगला एंडपॉइंट तोच, जिथे एका थेंबाने pH मोठी उडी घेतो आणि इंडिकेटरचा पट्टा त्या उडीच्या आत बसतो.

आता थोडं थांबून मिथिल रेडकडे येऊ, कारण फार्माकोपियात या स्टँडर्डायझेशनला बऱ्याचदा तेच सांगितलेलं असतं, आणि तिथेच प्रॅक्टिकलमध्ये घोळ होतो.

मिथिल रेडचा पट्टा साधारण ४.४ ते ६.२. पिवळ्यातून लालकडे. आपण म्हटलं की कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असताना शेवटी pH ४ च्या आसपास असतो. मग हे इंडिकेटर ४ ला पोचण्याआधीच रंग बदलणार, नाही का? अगदी बरोबर. समजा २७.२ मिलीलाच फिकट गुलाबी दिसलं. अजून काही बायकार्बोनेट शिल्लक आहे, पण साठलेल्या कार्बन डायऑक्साइडने pH खाली खेचलाय.

इथे थांबून रीडिंग घेतलं तर २८.४२ भागिले २७.२, म्हणजे १.०४५. ३ टक्क्यांहून जास्त चूक, आणि वहीत ती दिसणारही नाही, कारण १.०४५ हा आकडा पाहून कुणाला शंका येत नाही. २.०२ आला असता तर निदान कुणीतरी विचारलं असतं.

म्हणून रीत अशी आहे. पहिला गुलाबी दिसला की फ्लास्क उकळा. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि द्रावण परत पिवळं होतं. हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे: एक थेंबही न टाकता गुलाबी मावळतो आणि पिवळा परत येतो. गार करा, पुन्हा थेंब थेंब ॲसिड सोडा, पुन्हा गुलाबी, पुन्हा उकळा. उकळूनही गुलाबी टिकला की तो खरा एंडपॉइंट. आता फ्लास्कमध्ये कार्बन डायऑक्साइड उरलेला नाही, फक्त मिठाचं पाणी आहे. pH ७ जवळून एका-दोन थेंबांत खाली कोसळतो आणि मिथिल रेड त्या कोसळण्याच्या मधोमध बसतं. उकळण्याने फ्लास्कमधली गोष्टच बदलली, म्हणून आधी न जुळणारा इंडिकेटर आता सगळ्यात धारदार झाला.

ॲसेटिक ॲसिड आणि सोडियम हायड्रॉक्साइडचंही याच प्रश्नाने सुटतं. शेवटी उरतं सोडियम ॲसिटेट, ते किंचित अल्कली, म्हणून फिनॉल्फ्थॅलिन. तक्ता पाठ करायची गरज नाही.

आता फॅक्टर. फार्माकोपियात लिहिलेलं असतं: १ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा प्रत्येक मिली म्हणजे ०.०५२९९ ग्रॅम सोडियम कार्बोनेट. हा आकडा कुठून आला ते बघा. १०५.९९ ला २ ने भागा, मग १००० ने. त्या २ मध्येच आपला दुसरा टप्पा दडलाय. फॅक्टर म्हणजे प्रत्यक्ष मोलॅरिटी भागिले ठरलेली मोलॅरिटी. आपलं १.०११ भागिले १, म्हणून फॅक्टर १.०११.

हा आकडा बाटलीवर लिहून ठेवला आणि तिथेच विसरला, असं सर्रास होतं. तो विसरला तर काय होतं, ते सोडियम बायकार्बोनेटच्या ॲसेवर बघू.

नमुना १.५१२ ग्रॅम, कार्बन डायऑक्साइड काढलेल्या पाण्यात, मिथिल ऑरेंज, आपलंच ॲसिड. इथे मिथिल ऑरेंज का? कारण बायकार्बोनेटचं द्रावण आधीच ८.३ जवळ असतं. फिनॉल्फ्थॅलिनला बघायला काही शिल्लकच नाही. रीडिंग आलं १७.७ मिली. इथे प्रत्येक मिली म्हणजे ०.०८४०१ ग्रॅम बायकार्बोनेट, कारण यात एकास एकच ॲसिड लागतं, दोनने भागायचं नाही.

```
टक्के = (17.7 × 1.011 × 0.08401 / 1.512) × 100 = 99.4
```

ब्रिटिश फार्माकोपियाची मर्यादा ९९.० ते १०१.०. नमुना पास. आता फॅक्टर गाळून तेच करा: ९८.३, नापास. आणि मिथिल रेड न उकळता काढलेला १.०४५ घातला तर १०२.८, पुन्हा नापास, यावेळी वरच्या बाजूने. नमुना तोच, ब्युरेटचं रीडिंगही तेच. ठरवलं ते आदल्या दिवशीच्या स्टँडर्डायझेशनने.

१०१ ची वरची मर्यादा बघून पुष्कळजण विचारतात, १०० टक्क्यांपेक्षा जास्त शुद्ध कसं असेल? असत नाही. बायकार्बोनेट गरम झालं किंवा नीट साठवलं नाही, की त्यातला थोडा भाग कार्बोनेट होतो. ग्रॅमला ग्रॅम तोललं तर कार्बोनेट बायकार्बोनेटच्या जवळजवळ १.५९ पट ॲसिड खातं. समजा नमुन्यात ३ टक्के कार्बोनेट आहे, बाकी ९७ बायकार्बोनेट. ९७ अधिक ३ गुणिले १.५९, म्हणजे सुमारे १०१.८. वरची मर्यादा अशा नमुन्याला अडवते.

पण हेही बघा. त्याच नमुन्यात कार्बोनेटसोबत थोडी ओलही असेल, तर एक जण आकडा वर ओढतो, दुसरा खाली, आणि ॲसे निवांत १०० दाखवतो. मिथिल ऑरेंजला त्या ॲसिडमागे कार्बोनेट होतं की बायकार्बोनेट, हे कळत नाही. दोन्हींचा शेवट एकाच pH ला होतो. म्हणून मोनोग्राफमध्ये कार्बोनेटची चाचणी वेगळी दिलेली असते: ५ टक्के ताज्या द्रावणाचा pH ८.६ पेक्षा जास्त नको. ॲसे सुरेख १०० आला असेल, तरी ती चाचणी करूनच रिपोर्टवर सही करा.