फुंकरीतल्या दारूचा हिशेब

(विज्ञान मंडळातल्या एका संध्याकाळच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, रॉबर्ट बोरकेनस्टाइन हा अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या पोलिसदलातला माणूस. १९५४ साली त्याने एक पेटी तयार केली. चालकाने नळीत फुंकायचं, आणि रक्तात दारू किती ते पेटीने सांगायचं. आज आपल्याकडे नाकाबंदीत हातात धरतात ती यंत्रं वेगळ्या तत्त्वावर चालतात, त्यांत इंधन विद्युतघट असतो. पण बोरकेनस्टाइनच्या पेटीत अकरावीच्या पुस्तकातलं एक समीकरण जसंच्या तसं बसलं होतं, म्हणून आज तीच उघडून बघू.

आत काचेची एक बंद कुपी असायची. तिच्यात ३ मिलिलीटर द्रावण. निम्मं गंधकाम्ल, त्यात ०.०२५ टक्के पोटॅशियम डायक्रोमेट, आणि अभिक्रियेला घाई व्हावी म्हणून चिमूटभर सिल्व्हर नायट्रेट. हिशेब केला तर एका कुपीत डायक्रोमेट भरतं जेमतेम ०.७५ मिलिग्रॅम. श्वास या द्रावणातून बुडबुडत जायचा, त्यातलं इथेनॉल आम्लात अडकायचं आणि दीडेक मिनिटात त्याचं ॲसिटिक आम्ल व्हायचं. म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच.

आता हे समीकरण संतुलित करू. नुसते अणू मोजत बसलात तर तास जाईल. त्यापेक्षा इलेक्ट्रॉन कोण देतो आणि कोण घेतो हे आधी बघा. घेणारा डायक्रोमेट. त्यात क्रोमियमचे दोन अणू, प्रत्येक अधिक सहावरून अधिक तीनवर उतरतो. दोघांचे मिळून सहा इलेक्ट्रॉन. सात ऑक्सिजन मोकळे होतात, त्यांचं सात रेणू पाणी करायला चौदा हायड्रोजन आयन लागतात, आणि ते आम्लातून मिळतात:

Cr2O7^2- + 14H+ + 6e- → 2Cr^3+ + 7H2O

देणारं इथेनॉल. ॲसिटिक आम्लात त्याच्यापेक्षा एक ऑक्सिजन जास्त आहे, तो पाण्याच्या रेणूतून घ्यायचा. मग उजवीकडे चार हायड्रोजन आयन उरतात, आणि विद्युतभार जुळायला चार इलेक्ट्रॉन:

C2H5OH + H2O → CH3COOH + 4H+ + 4e-

एक सहा मागतो, दुसरा चारच देतो. दोघांचा हिशेब बारावर मिटतो. म्हणून वरची ओळ दुपटीने, खालची तिपटीने घ्यायची. बेरीज करताना दोन्ही बाजूंना जे आहे ते खोडा. अठ्ठावीस हायड्रोजन आयनांतले बारा गेले, सोळा उरले. चौदा पाण्यातले तीन गेले, अकरा उरले:

2Cr2O7^2- + 3C2H5OH + 16H+ → 4Cr^3+ + 3CH3COOH + 11H2O

अणू जुळले की विद्यार्थी पेन खाली ठेवतात. ठेवू नका, भार बघा. डावीकडे उणे चार आणि अधिक सोळा, म्हणजे अधिक बारा. उजवीकडे चार क्रोमियम, प्रत्येकी अधिक तीन, तेही बाराच. आता ठेवा पेन.

यातून पुढे आपल्याला लागणार आहेत फक्त दोन आकडे. डायक्रोमेटचे दोन मोल खर्च झाले, तर इथेनॉलचे तीन मोल आले होते.

समजा, फुंकर मारल्यावर कुपीतलं ५० मायक्रोग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेट खर्च झालं. त्याच्या एका मोलचं वस्तुमान २९४ ग्रॅम. ५० भागिले २९४, म्हणजे ०.१७ मायक्रोमोल. इथेनॉल त्याच्या दीडपट, ०.२५५ मायक्रोमोल. इथेनॉलचा एक मोल ४६ ग्रॅमचा, तेव्हा गुणाकार येतो सुमारे ११.७ मायक्रोग्रॅम. एवढी दारू त्या फुंकरीत होती.

फुंकर किती मोठी? बोरकेनस्टाइनने नळकांडं मुद्दाम असं बेतलं की कुपीत ५२.५ मिलिलीटर श्वास जावा. हा आकडा विचित्र वाटतो, पण चाळिसाने गुणा, २१०० येतात. आणि यंत्र असं धरून चालतं की फुप्फुसाच्या खोलातल्या २१०० मिलिलीटर श्वासात जेवढी दारू, तेवढीच १ मिलिलीटर रक्तात. मग ११.७ गुणिले ४०, ४७० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ मिलिलीटर रक्तात ०.४७ मिलिग्रॅम. १०० मिलिलीटरमध्ये ४७ मिलिग्रॅम. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. हा चालक अडकला.

आता गंमत बघा. उत्तरपत्रिका तपासताना मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे दोनास तीन हे प्रमाण उलटं धरणं. दीडने गुणायच्या जागी दीडने भागलं, तर याच चालकाच्या रक्तात २१ मिलिग्रॅम निघतात आणि तो शीळ घालत घरी जातो! दुसरी चूक जरा हुशार मुलांची. ते अभिक्रिया मध्येच ॲसिटाल्डिहाइडवर थांबवतात. तिथे इथेनॉल दोनच इलेक्ट्रॉन देतं, प्रमाण एकास तीन होतं आणि उत्तर दुप्पट, ९४ येतं. कागदावर ते समीकरणही बिनचूक जुळतं, म्हणून चूक सापडत नाही. तीव्र आम्ल, उत्प्रेरक आणि डायक्रोमेट भरपूर असताना अभिक्रिया ॲसिटिक आम्लापर्यंत जाते. हे माहीत असायला लागतं, ते समीकरण स्वतःहून सांगत नाही.

भरपूर म्हणजे किती? ७५० मायक्रोग्रॅमपैकी आपल्या चालकाने वापरले ५०, म्हणजे पंधरावा हिस्सा. यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. पिवळ्याचा हिरवा झाला की दारू सापडली, असं आपण लिहीत आलो. या कुपीत मात्र तसा हिरवा होतच नाही, पिवळा किंचित फिकटतो, आणि तो फरक डोळ्यांना कळणं अवघड. म्हणून पेटीत तशीच एक न वापरलेली कुपी शेजारी असायची. दोघींच्या मधला दिवा सरकवायचा, दोन्हींतून आलेला निळा प्रकाश सारखा झाला की थांबायचं. दिवा किती सरकला, त्यावरून दारूचा आकडा.

रसायनशास्त्र इथपर्यंत चोख आहे. कच्चा दुवा आहे तो २१०० चा. बहुतेकांच्या शरीरात हे प्रमाण २३०० च्या आसपास असतं, आणि माणसागणिक बदलतं. तसं असेल तर आपल्या चालकाच्या रक्तात खरे ५१ मिलिग्रॅम होते, यंत्राने ४७ सांगितले. सरासरीने ही चूक चालकाच्या बाजूची. उलट्या बाजूची चूक होते ती तोंडातल्या दारूने. नुकताच घोट घेतला असेल किंवा ढेकर आली असेल, तर फुंकरीत फुप्फुसातल्यापेक्षा कितीतरी जास्त इथेनॉल येतं, आणि डायक्रोमेट बिचारं ते कुठून आलं हे विचारत नाही. त्यासाठी चाचणीआधी पंधरा मिनिटं चालकाला नुसतं बसवून ठेवतात, खाणं-पिणं बंद. काही मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा धाडकन खाली आला, तर पहिली दारू तोंडातली होती.