परवानगी मागितली होती का?

(बडोद्यात मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, ज्यांचे बालपण बडोद्याच्या जुन्या वाड्यांत गेले, त्यांना 'वहिवाट' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मागच्या घरातली माणसे पुढच्या घराच्या चौकातून रस्त्यावर जात. कोणी कोणाला विचारत नसे आणि कोणी कोणाला अडवतही नसे. त्याच घरात लग्न निघाले, मांडवाचे बांबू आणि आचाऱ्यांची पातेली आणायची वेळ आली, की मात्र घरातला कर्ता माणूस आदल्या संध्याकाळी पुढे येऊन म्हणे, "काका, उद्या सामान तुमच्या चौकातून नेऊ ना?" काका कधीच नाही म्हणत नसत. तरी या दोन गोष्टींत फरक आहे. पहिल्या ठिकाणी हक्क होता आणि दुसऱ्या ठिकाणी मेहेरबानी होती, मग ती शंभर वेळा मिळालेली का असेना.

आंतरराष्ट्रीय कायद्यात ज्याला रूढ कायदा म्हणतात, त्याचा गाभा या फरकात आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतले ३८वे कलम रूढीचे वर्णन 'कायदा म्हणून स्वीकारलेल्या सर्वसाधारण व्यवहाराचा पुरावा' असे करते. यात दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे राज्ये प्रत्यक्षात कशी वागतात ते, आणि दुसरी म्हणजे तसे वागणे आपल्यावर कायद्याने बंधनकारक आहे किंवा तो आपला कायदेशीर हक्क आहे ही त्यांची जाणीव. या जाणिवेला लॅटिनमध्ये ओपिनिओ ज्युरिस म्हणतात. व्यवहार डोळ्यांना दिसतो, पण जाणीव दिसत नाही, कारण राज्याला मन नसते. त्याच्याजवळ दप्तर असते, आणि ती जाणीव शोधायची तर दप्तरातली पत्रे उलटावी लागतात. अशाच एका पत्राभोवती फिरलेला खटला आज मी घेणार आहे, आणि त्याची जागा आपल्या अगदी दाराशी आहे.

मुंबईला जाताना वलसाड आणि वापीच्या मध्ये पारडी स्टेशन लागते. पश्चिमेला समुद्रकाठी दमण, पूर्वेला आत दादरा आणि नगरहवेली. १९५४ पर्यंत ही तिन्ही ठिकाणे पोर्तुगालच्या ताब्यात होती, पण दमणहून नगरहवेलीला जायचे तर मधला मुलूख आधी ब्रिटिशांचा आणि नंतर भारताचा. जुलै १९५४ मध्ये दादऱ्यातली पोर्तुगीज सत्ता उलथली गेली, पाठोपाठ नगरहवेलीतलीही गेली. भारताने दमणमधून कोणाला पुढे जाऊ दिले नाही. २२ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात दावा लावला की, आपल्या मुलखांत जाण्यासाठी भारताच्या भूमीवरून वाट मिळण्याचा आपल्याला हक्क आहे. निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला.

पोर्तुगालने आधार म्हणून पुढे केला तो पेशव्यांशी १७७९ मध्ये झालेला पुण्याचा तह. त्यानुसार १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी ही गावे आपल्याला सार्वभौमत्वासकट मिळाली, आणि त्यांच्याबरोबर वाटही आलीच, असे त्याचे म्हणणे होते. मग हेगच्या दालनात मराठी मजकुराचा कीस पडला. न्यायालयाला त्यात सार्वभौमत्व देणारी भाषा सापडली नाही. सापडले ते वार्षिक १२,००० रुपये उत्पन्नाचे जहागीर किंवा सरंजाम म्हणतात तसे दान, आणि सरंजाम म्हणजे काय हे मराठी माणसाला कोणी सांगायला नको. महसूल घ्या, पण मुलूख आमचा. अशा धन्याला स्वतःच्याच जहागिरीकडे जाण्यासाठी सार्वभौम सत्तेचा वाटेचा हक्क कुठून मिळणार? तहाचा आधार तिथेच संपला.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. मराठ्यांनंतर ब्रिटिश आले आणि त्यांनी त्या गावांवरचे पोर्तुगीज सार्वभौमत्व प्रत्यक्षात मान्य केले. भारतानेही पुढे तेच केले. म्हणजे आता तहाचा कागद नाही, पण सव्वाशे वर्षांची वागणूक आहे. भारताच्या बाजूने असा मुद्दा आला की, दोनच राज्यांमध्ये रूढी होऊ शकत नाही. न्यायालयाने विचारले, दीर्घ व्यवहारातून रूढी सिद्ध होत असेल तर तिला दोनपेक्षा जास्त राज्ये का लागावीत? मला हा प्रश्न रास्त वाटतो, कारण वहिवाट दोन शेजाऱ्यांचीच असते.

मग न्यायालयाने ही वागणूक सरसकट न घेता निरनिराळी पाहिली. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांची ये-जा नेहमीच्या तपासणीपलीकडे अडवली गेली नव्हती, आणि दरवेळी परवानगीचा प्रश्नही आला नव्हता. इतक्या काळाचा एकसारखा व्यवहार दोन्ही बाजूंनी कायदा म्हणून स्वीकारलेला आहे, असे न्यायालयाने ११ विरुद्ध ४ मतांनी ठरवले. सही नाही, करार नाही, तरी भारतावर बंधन आले, आणि ते ज्या वर्षांतून आले त्यांतली बहुतेक स्वतंत्र भारत जन्मण्याच्या आधीची होती. घर विकत घेतले म्हणून शेजाऱ्याची जुनी वाट बंद करता येत नाही.

सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रसामग्री यांचे काय? इथे सगळ्यांत बारीक काम झाले. १८७८ च्या ब्रिटिश-पोर्तुगीज तहाने ठरले होते की, काही ठराविक प्रसंग सोडले तर एकाच्या सैन्याने दुसऱ्याच्या मुलखात औपचारिक विनंती केल्याशिवाय शिरायचे नाही. पोर्तुगालने सांगितले की, १८८० ते १८८९ या काळात आपली सशस्त्र माणसे परवानगी न घेता २३ वेळा त्या वाटेने गेली. नुसता व्यवहार मोजायचा असता, तर २३ हा आकडा जड आहे. पण डिसेंबर १८९० मध्ये मुंबई सरकारने गोव्याला लिहिले की, पोर्तुगीज नोकरीतली हत्यारबंद माणसे दमण ते नगरहवेली ये-जा करताना पारडी तालुक्यातून जातात आणि हा तहाचा भंग दिसतो. त्यावर पोर्तुगीज बाजूने उत्तर आले की, आमचे सैन्य पूर्वपरवानगीशिवाय ब्रिटिश हद्द कधीच ओलांडत नाही.

हे उत्तर नीट ऐका. ते खरे होते की खोटे याने फरक पडत नाही. 'ती आमची वाट आहे' असे पोर्तुगाल म्हणू शकत होता. त्याऐवजी त्याने 'आम्ही विचारल्याशिवाय जात नाही' असे लिहिले, आणि आपल्याला तसा हक्क नाही ही जाणीव स्वतःच्याच हाताने दप्तरात नोंदवून ठेवली. सत्तर वर्षांनी ते पत्र हेगमध्ये वाचले गेले. ज्याला परवानगी लागते तो हक्क नव्हे, परवानगी दरवेळी मिळत असली तरीही. सैन्याच्या वाटेचा दावा ८ विरुद्ध ७ मतांनी फेटाळला गेला. एवढ्या कमी फरकावरून हा मुद्दा किती वादाचा होता ते कळते. आणि मुलकी वाटेवरही नियमन करण्याचा अधिकार भारताचाच असल्याने, १९५४ च्या तणावाच्या स्थितीत वाट बंद करण्यात भारताने काही मोडले नाही, असे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले. भारताचे न्यायाधीश म्हणून न्या. म. क. छागला त्या पीठावर होते आणि त्यांनी भिन्न मत नोंदवले. ते मुळातून वाचण्यासारखे आहे.

ही दोघांमधली रूढी झाली. साऱ्या जगावर लागू होणाऱ्या रूढीला कसोटी हीच असते, पण पुरावा गोळा करणे कितीतरी अवघड जाते. नऊ वर्षांनी, २० फेब्रुवारी १९६९ रोजी, उत्तर समुद्राच्या तळाच्या वाटणीत ते दिसले. डेन्मार्क, पश्चिम जर्मनी आणि नेदरलँड्स शेजारी-शेजारी आहेत, आणि मधल्या जर्मनीचा किनारा आत वळलेला आहे. प्रत्येक बिंदू दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावर राहील अशी समान अंतराची रेषा काढली, तर दोन बाजूंच्या रेषा समुद्रात जर्मनीच्या पुढ्यातच एकमेकींना मिळतात आणि त्याच्या वाट्याला एक छोटा त्रिकोण उरतो. हा नियम १९५८ च्या जिनिव्हा करारात होता. जर्मनीने करारावर सही केली होती, पण त्याला संमती देऊन तो लागू करून घेतला नव्हता. डेन्मार्क आणि नेदरलँड्स म्हणाले, करार नको, हा नियम आता रूढीच झाला आहे.

न्यायालयाने तत्त्वतः मान्य केले की, कराराचा नियम पुढे रूढी होऊन बाहेरच्यांनाही बांधू शकतो, आणि त्यासाठी काळ थोडा असला तरी चालेल. पण त्या काळात ज्या राज्यांचे हित विशेषतः गुंतलेले आहे त्यांच्यासह व्यवहार व्यापक आणि जवळजवळ एकसारखा हवा. पुढे मोजणी आली. अशा वाटण्यांची सुमारे १५ उदाहरणे दाखवली गेली. त्यांतली निम्म्याहून अधिक राज्ये कराराची पक्षकार तरी होती किंवा लवकरच होणार होती, म्हणजे ती करार पाळत होती. त्यातून रूढी सिद्ध होत नाही. उरलेल्यांनी ही रेषा सोयीची म्हणून घेतली की बंधन म्हणून, हे कुठून कळणार? राजदूताच्या स्वागताला जाण्याचा शिष्टाचार जगभर पाळला जातो, पण न गेल्यास कोणी कायदा मोडला म्हणत नाही. शिवाय करारातच त्या कलमाला हरकत नोंदवून बाहेर राहण्याची मुभा होती, आणि रूढीतून एकट्याने असे बाहेर पडता येत नाही. ११ विरुद्ध ६ मतांनी जर्मनी सुटला.

तेव्हा ज्याने सही केली नाही तो बांधला जातो, ते त्याने कायदा समजून वागल्यामुळे. किंवा नियम घडत असताना, बोलायची वेळ असूनही तो गप्प राहिल्यामुळे. जो पहिल्यापासून सातत्याने आणि उघडपणे विरोध करतो त्याच्यावर नवी रूढी लादता येत नाही, असे १९५१ च्या ब्रिटन-नॉर्वे मासेमारी खटल्यातून पुढे आले, कारण खाडीच्या तोंडाच्या दहा मैलांच्या नियमाला नॉर्वेने कायम विरोध केला होता. रूढी स्थिर झाल्यावर केलेली तक्रार मात्र उशिरा आलेली तक्रार असते.

प्रश्नोत्तरांत एकांनी विचारले की, आजचा भारत असा कुठे बांधलेला आहे का. करारांच्या कायद्याविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचा भारत पक्षकार नाही. तरी २०११ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या पैशाच्या प्रकरणात, जर्मनीशी झालेल्या करकराराचा अर्थ लावताना, त्या करारातली तत्त्वे वापरली, कारण त्यांत रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याची अनेक तत्त्वे आहेत. ज्या कागदावर आपली सही नाही, त्यातले वाक्य दिल्लीत वाचले गेले, आणि ते वाचण्यापूर्वी कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही.