चिमूटभर मीठ आणि हिशेब कुणाला द्यायचा

(दृश्य: मातीचं अंगण. तीन बोटांची चिमूट मिठात जाते, वर येते.)

तीन बोटांची चिमूट. बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत मीठ. एक मूठ गूळ. अर्धा शेर पाणी. बांगलादेशात याला लोबोन-गुड म्हणतात, मीठ-गूळ. जुलाबानं सुकून चाललेल्या लेकराला घोटघोट पाजायचं.

१९८० साली ब्रॅक या संस्थेच्या बायका हे शिकवायला घरोघर निघाल्या. ब्रॅकची सुरुवात १९७२ ची. देश नुकताच स्वतंत्र झालेला, आणि फझले हसन आबेद नावाच्या माणसानं निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी ती काढलेली. जुलाबात मीठ-साखरेचं पाणी तोंडावाटे दिलं तरी जीव वाचतो, हे ढाक्यातल्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेनं १९६० च्या दशकाच्या शेवटी दाखवून दिलं होतं. पण ते ज्ञान दवाखान्यात होतं, आणि पोरं घरात दगावत होती. सरकारी दवाखाना कित्येक गावांपासून कोसभर दूर. ही पोकळी संस्थेनं भरायची ठरवलं. पैसा बाहेरचा: आधी ऑक्सफॅम, मग स्विस आणि स्वीडिश सरकारी मदत, युनिसेफ.

इथवरची गोष्ट कुठल्याही संस्थेच्या वार्षिक अहवालात शोभेल. आपल्याला बघायचं आहे ते पुढचं.

(दृश्य: वहीत रकाने आखलेले. एका रकान्यात अक्षरं: ए, बी, सी, डी.)

एरवी अशा कामाचा अहवाल कसा लिहितात? इतक्या घरांना भेटी दिल्या, इतक्या महिलांना प्रशिक्षण, इतका निधी खर्च. देणगीदाराला तेवढं पुरतं. त्याचा माणूस वर्षातून एकदा येतो, चांगलं चाललेलं गाव बघतो आणि फोटो घेऊन जातो. आईला काय कळलं, हे त्या कागदात कुठेच नसतं, कारण तो कागद आईसाठी लिहिलेलाच नसतो.

ब्रॅकनं इथे एक वेगळी गाठ मारली. शिकवून गेलेल्या बाईच्या मागोमाग, काही आठवड्यांनी, दुसरा माणूस गावात यायचा. शिकवलेल्या घरांपैकी काही घरं तो चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडायचा आणि आईला विचारायचा, सांगा बघू, काय काय शिकवलं होतं? मग तिच्याकडून पाणी करवून घ्यायचा. मीठ जास्त पडलं तर ते पाणी लेकराच्या जिवावर उठू शकतं, म्हणून नमुने तपासले जायचे. आईला किती आठवतं आणि पाणी कसं जमतं, त्यावर ए ते डी अशी श्रेणी लागायची. शिकवणाऱ्या बाईच्या हातात महिन्याला पडणारी रक्कम त्या श्रेणीवर ठरायची. डी श्रेणीच्या घराचे पैसे शून्य.

म्हणजे एका निरक्षर आईची आठवण हीच पगारपत्रक झाली. मला ही युक्ती फार हुशार वाटते. शिकवणारी घाईघाईनं पाठ म्हणून निघून गेली तर फटका तिलाच. बाई नीट बसायची, आईकडूनच पाणी करवून घ्यायची, घरातल्या भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून द्यायची.

तरीही काम फसलं. निदान सुरुवातीला. आयांना पाठ उत्तम होता, श्रेणी छान लागत होत्या, पण घरात जुलाब झाले की लोबोन-गुड करणारी घरं अगदीच थोडी निघाली. कारण शोधायला माणसं पाठवली, तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. शिकवणाऱ्या बायकांचाच त्या पाण्यावर भरवसा नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत होत्या. आणि घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग शिकवणाऱ्यांना ढाक्याच्या कॉलरा रुग्णालयात नेऊन ते पाणी काय करतं हे डोळ्यांनी दाखवलं. मशिदीत, बाजारात, शाळेत पुरुषांशी बोलणं सुरू झालं. हळूहळू वापर वाढला. १९९० पर्यंत एक कोटीहून जास्त घरं झाली.

ज्या दिवशी श्रेणी चांगल्या होत्या त्या दिवशी थांबून अहवाल पाठवला असता, तर कुणी हरकत घेतली असती का? देणगीदारानं नाही. सरकारनंही नाही. आईनं तर नाहीच. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि संस्थेला जाब विचारायची तिच्याकडे काही सोयही नव्हती. आमदार नको झाला तर त्याला मत नाकारता तरी येतं. संस्थेच्या बाबतीत मतच नसतं. ही तपासणी उभी राहिली ती संस्थेच्या मर्जीनं. मर्जी बदलली की ती गेली.

(दृश्य: सरकारी कचेरी, फायलींचे गठ्ठे.)

सरकारचा अंकुश आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थेला ढाक्यातल्या एनजीओ अफेअर्स ब्युरोकडून प्रकल्पांची परवानगी काढावी लागते. २०१६ च्या कायद्यानं तर राज्यघटना आणि घटनात्मक संस्थांविषयी अवमानकारक बोलणंही संस्थांसाठी गुन्हा केलं. आता या दोन्हींत आई कुठे आहे? पैसा कुठून आला आणि तोंड बंद आहे ना, एवढंच त्यात तपासलं जातं. पाण्यात मीठ किती पडलं, ते नाही.

मग बाहेरचा पैसाच नको, हा मार्ग? ब्रॅकनं तोही धरला. आडोंग ही हस्तकलेची दुकानं १९७८ पासून, शिवाय दूध, बियाणं, छोटी कर्जं. संस्था बरीचशी आपल्या पायावर उभी राहिली. पण त्यात एक तिढा आहे, आणि तो फारसा कुणी बोलत नाही. देणगीदार कितीही चुकीचे प्रश्न विचारत असला, तरी विचारणारा तेवढाच एक होता. तो गेला की त्याच्या जागी कोण येतं? दुकानातलं गिऱ्हाईक साडीचा पोत बघतं. संस्थेची शाळा नीट चालते का, हे ते बघत नाही.

(दृश्य: ढाका. रुग्णालयाच्या आवारात शांतता.)

ज्या प्रयोगशाळेपासून हे सगळं सुरू झालं, तिचं आजचं नाव आयसीडीडीआर,बी. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी परदेशी मदत नव्वद दिवस थांबवण्याचा आदेश काढला. काही दिवसांतच या संस्थेतल्या हजाराहून जास्त लोकांच्या हातात नोकरी संपल्याची पत्रं पडली. बहुतेक क्षयरोगाच्या कामावरचे. त्यांच्या कामात खोट निघाली होती असं नाही. निर्णय हजारो मैलांवर झाला होता, आणि तो घेणाऱ्यानं ढाक्यातल्या एकाही रुग्णाचा थुंकीचा नमुना बघितलेला नव्हता.

दोन कामं शेजारी ठेवून बघा. लोबोन-गुड एकदा शिकवलं की ते आईच्या बोटांत राहतं. स्विस पैसा थांबला तरी चिमूट विसरली जात नाही. क्षयाचं तसं नाही. खोकणारा माणूस शोधायचा, थुंकी तपासायची, मग सहा महिने औषध चुकू द्यायचं नाही. मध्येच सुटलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. इथे दर महिन्याला कुणाला तरी पगार द्यावाच लागतो. असं काम तीन-तीन वर्षांच्या प्रकल्पावर टांगायचं, आणि करार संपताना पुढे कोण हा प्रश्न अहवालाच्या शेवटच्या पानावर ‘शाश्वतता’ या मथळ्याखाली दोन ओळींत उरकायचा, हा रिवाज फक्त बांगलादेशात नाही.

(दृश्य: खेड्यातलं छोटं दुकान. दोरीला लटकलेली क्षार-संजीवनीची पाकिटं. एक मुलगी नाणी पुढे करते.)

आज बांगलादेशात मुठीनं गूळ मोजणारी घरं कमी उरली आहेत. दुकानात तयार पाकीट मिळतं. मुलगी पाकीट घेते. अर्धा लिटर पाणी लागतं, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. आजीनं आईला सांगितलेलं असतं.