चेक काढायचा की नाही?

मंडळी, लांबलचक मेल-साखळीचा सारांश नव्यानं आलेल्या माणसासाठी कसा करायचा, यावर एका सोसायटीचं उदाहरण धरून बोलू. जुनी लिफ्ट बदलायची आहे. अध्यक्ष, सचिव आणि ठेकेदार यांच्यात दीड महिना मेल चालले आहेत. मधेच खजिनदार बदलले. सचिवांनी नव्या खजिनदारांना सगळी साखळी फॉरवर्ड केली आणि वर लिहिलं, 'कृपया खाली पाहावे.' खाली चाळीस मेल! बिचाऱ्यांना एवढंच हवंय, की आगाऊ रकमेचा चेक काढायचा का आणि कितीचा.

सारांश करणाऱ्यानं साखळी सर्वांत जुन्या मेलापासून वाचावी. इथे पहिलं कोटेशन साडेनऊ लाखांचं, दुसरं दहा लाख बासष्ट हजारांचं. एका सभासदाचा तक्रारीचा मेलही आहे, 'भाव वाढवला.' पण पहिल्या आकड्यात जीएसटी धरलेला नाही. अठरा टक्के धरला तर तो होतो अकरा लाख एकवीस हजार. दुसरा जीएसटीसकट आहे, म्हणजे भाव उतरलाय. आकडे नुसते उतरवून घेतले असते, तर ही गैरसमजूत सारांशातही गेली असती.

आता अध्यक्षांचा मेल, 'ठीक आहे, पुढे जा.' तो आलाय दुसऱ्या कोटेशननंतर, म्हणून मंजुरी मिळाली असं वाटतं. पण त्या मेलाखाली जोडलेला जुना मजकूर उघडून बघा. तिथे पहिलं कोटेशन आहे! बहुधा त्यांनी दुसरं पाहिलेलंच नाही. अशा वेळी अंदाजानं 'मंजूर' लिहू नये. या एका शब्दावर लाखोंचा चेक निघतो.

मग खजिनदारांना जाणारा मेल असा:

'चेक अजून काढू नये. लागू कोटेशन दुसरं, १२ जूनचं: १० लाख ६२ हजार, जीएसटीसकट. आगाऊ ३० टक्के, म्हणजे ३ लाख १८ हजार ६००. अध्यक्षांची मंजुरी पहिल्या कोटेशनला आहे, दुसऱ्याला बाकी. सचिव १८ जूनपर्यंत घेतील. ती आली की चेक तुम्ही काढायचा. कोटेशन सोबत जोडलं आहे.'

संपलं. दाराच्या रंगावरून झालेली वादावादी यात नाही, कारण चेकशी तिचा संबंध नाही. रंगाचं काम ज्याच्याकडे असेल, त्याच्या सारांशात मात्र ती हवी. तारखा लिहिताना 'परवा', 'पुढच्या सोमवारी' असले शब्द जसेच्या तसे उचलू नका. मूळ मेलाची तारीख बघून पक्की तारीख घाला. कोटेशन आठवणीनं जोडा, कारण नुसतं रिप्लाय केलं की जोडलेली फाइल मागेच राहते.

हा मेल अध्यक्षांनाही सीसी करा, म्हणजे काही चुकलं असेल तर ते लगेच सांगतील. मात्र जुनी साखळी खाली लटकवू नका. त्यात कुणीतरी ठेकेदाराबद्दल मोकळेपणानं लिहिलेलं असतं, आणि हाच मेल उद्या कुणीतरी त्याला फॉरवर्ड करतं.