बारा वार, अकरा मीटर

(अमळनेर येथे शिवणकाम शिकणाऱ्या आणि शिवणाचा व्यवसाय करणाऱ्या मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उपस्थित भगिनींनो आणि कारागीर बंधूंनो, आजचा विषय पत्रिकेत ‘कापडाचा पन्हा आणि वाराचे मीटर’ असा छापलेला आहे आणि पन्ह्याकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी वाराचे मीटर करण्याची जी रीत आपल्याकडे सर्रास चालते, तिच्याविषयी मला सविस्तर बोलावयाचे आहे, कारण ती रीत चुकीच्या बाजूला झुकते आणि तिचा फटका नेहमी शिवणाऱ्यालाच बसतो.

आपल्या कामात तीन मापे एकाच वेळी वावरतात. अंगाचे माप आपण इंचांत घेतो, दुकानदार कापड मीटरने देतो, आणि कोणत्या कपड्याला किती कापड लागते हा अंदाज मात्र अजून वारांतच आपल्या डोक्यात असतो. आपल्या गुरूंच्या वह्यांत ‘कुर्ता तीन वार, परकर अडीच वार’ असेच लिहिलेले आहे, आणि हल्ली मोबाईलवर परदेशी कटिंगचे व्हिडिओ पाहणाऱ्या मुलींनाही तेथे वारच भेटतो. म्हणून 1956 च्या कायद्याने दशमान मापे आणली आणि 2009 च्या वैधमापनशास्त्र कायद्याने तीच सक्तीची ठेवली, तरी हे रूपांतर आपल्याला रोज करावे लागते.

एक वार म्हणजे छत्तीस इंच, म्हणजेच 91.44 सेंटिमीटर. यावरून बहुतेकांनी एक सोपी युक्ती काढलेली आहे की वारांतून दहावा हिस्सा वजा करावा आणि राहील ते मीटर समजावे. ही युक्ती एका वाराला दीड सेंटिमीटरच्या आसपास कमी कापड देते, आणि एका ब्लाउजपुरते कापड घेताना ते जाणवतही नाही. परंतु नऊवारी शिवण्यासाठी कापड घेताना या हिशेबाने 8.10 मीटर येतात, प्रत्यक्षात नऊ वार म्हणजे 8.23 मीटर असतात, आणि ती तेरा सेंटिमीटरची तूट काष्ट्याचा भाग बेतावयाला घ्यावा तेव्हाच उघडकीला येते. तोपर्यंत बाकीचे भाग कापून झालेले असतात आणि त्याच थानाचे कापड दुकानात उरलेले असेलच याची खात्री नसते.

माझे म्हणणे असे की दहावा हिस्सा सोडून द्यावा आणि बारावा हिस्सा धरावा. बारा वारांचे अकरा मीटर होतात, सहा वारांचे साडेपाच, आणि तीन वारांचे पावणेतीन. म्हणजे दर तीन वारांमागे पाव मीटर कमी करावयाचा, एवढेच लक्षात ठेवले तरी कागद-पेन्सिल लागत नाही. अचूक हिशेबाने बारा वार म्हणजे 10.97 मीटर होतात, तेव्हा या रीतीत बारा वारांमागे जेमतेम तीन सेंटिमीटर कापड जास्त येते. चूक राहते, परंतु ती कापड पुरण्याच्या बाजूला राहते. ज्यांना थेट इंचांवरून मीटर काढावयाचे असतील त्यांनीही हेच तत्त्व पाळावे. मीटर म्हणजे 39.37 इंच; एकूण इंचांना चाळीसने भागले तर कापड कमी पडते, एकोणचाळीसने भागले तर थोडे उरते.

आता भावाकडे वळतो, कारण लांबी आणि भाव हे दोन्ही एकाच दिशेने बदलतात असे पुष्कळांना वाटते. वारांचे मीटर करताना आकडा लहान होतो, पण वाराच्या भावाचा मीटरचा भाव करताना आकडा मोठा होतो. एकशेवीस रुपये वार या भावाने कापड मिळत असेल तर मीटरचा भाव सुमारे एकशे एकतीस रुपये पडतो. म्हणून दोन दुकानांतले भाव ताडून पाहताना आधी दोघेही कोणत्या मापाने बोलत आहेत, हे विचारून घ्यावे.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतो, त्यामागे एक प्रसंग आहे. गेल्या श्रावणात कानबाईच्या उत्सवासाठी आमच्या गल्लीतल्या पंधरा जणींनी एकाच कापडाचे कुर्ते शिवावयाचे ठरवले. प्रत्येकीला तीन वार, म्हणून पंचेचाळीस वार कापड, असा हिशेब करून त्या जवळच्या एका दुकानात गेल्या. दुकानदाराने भाव सांगितला एकशेचाळीस रुपये मीटर, कापड मोजून दिले, बिलावर पंचेचाळीस मीटर लिहिले आणि सहा हजार तीनशे रुपये घेतले. कापड घरी आले, बेतले गेले आणि अगदी नेमके पुरले. कोणालाही संशय आला नाही, आणि यातली खरी मेख हीच आहे. ज्यांना पंचेचाळीस वार हवे होते त्यांना पंचेचाळीस वारच मिळाले होते, त्यामुळे कापडात काही उणे दिसणे शक्यच नव्हते. उणे होते ते पैशांत.

मला शंका आली ती वेगळ्याच कारणाने. पंचेचाळीस मीटर कापड असते तर पंधरा कुर्ते बेतून जवळपास चार मीटर शिल्लक राहावयास हवे होते, आणि शिल्लक म्हणून माझ्यापुढे आल्या त्या केवळ चिंध्या. मी टेप घेऊन त्या दुकानात गेलो आणि गल्ल्याजवळ ठेवलेल्या लोखंडी गजाला तो लावून पाहिला. गज छत्तीस इंचांचा होता. मीटरचा असता तर तो एकोणचाळीस इंचांच्या पुढे आणखी जवळपास पाऊण सूत नव्हे, चांगले तीन सूत गेला असता. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, हे नव्याने शिकणाऱ्यांसाठी सांगतो. त्या गजावर निरीक्षकाचा शिक्काही नव्हता. दुकानदाराचे म्हणणे असे पडले की त्यांच्याकडे व्यवहार पूर्वीपासून वारानेच होतो, ‘मीटर’ केवळ बोलण्यात येते. तसे असेल तर भावही वाराचा सांगावयास हवा होता. एकशेचाळीस रुपये मीटर या भावाचा वाराचा भाव एकशे अठ्ठावीस होतो. पंचेचाळीस वार म्हणजे 41.15 मीटर. 3.85 मीटर न दिलेल्या कापडाचे सुमारे पाचशे चाळीस रुपये पंधरा घरांतून गेले होते. शेजारच्या आजी मला म्हणाल्या, ‘‘कापड पुरनं ना भाऊ, मंग कसाले मोजतस?’’ त्यांचा प्रश्न मनापासूनचा होता आणि तसाच तो बहुतेकांच्या मनात असतो, म्हणून पुन्हा सांगतो की कापड पुरले यावरून माप बरोबर होते असे सिद्ध होत नाही. पुढे रक्कम परत मिळाली, परंतु ती मागण्यासाठी गज मोजावा लागला.

गज तपासावयास अर्धे मिनिटही लागत नाही. मात्र आपला स्वतःचा टेपही तपासलेला असावा, कारण कापडी टेप वापरून वापरून ताणला जातो. ज्या टेपच्या दोन्ही बाजूंचे आकडे एकाच टोकापासून सुरू होतात, त्यावर छत्तीस इंचांच्या रेघेमागे 91.4 सेंटिमीटरची रेघ यावयास हवी. काही टेपवर मागची बाजू दुसऱ्या टोकापासून सुरू होते, त्यावर ही ताडणी होत नाही. शिवाय या ताडणीने केवळ छपाईची चूक कळते; टेप ताणला की दोन्ही बाजूंचे आकडे सारखेच ताणले जातात, म्हणून ताण पाहण्यासाठी टेप लोखंडी फूटपट्टीलाच लावून पाहावा. आणखी एक सांगतो: लवचिक कापड मोजताना गजावर ओढून धरले तर मीटर भरतो, पण घरी येताच तो आखडतो. तसले कापड टेबलावर सैल पसरून किनारीच्या बाजूने मोजून मागावे.

अध्यक्ष महोदय घड्याळाकडे बोट दाखवीत आहेत आणि पन्ह्याचा विषय अजून राहिला आहे, तेव्हा तो एकाच उदाहरणातून उरकतो.

वहीतले ‘कुर्त्याला तीन वार’ हे माप छत्तीस इंच पन्ह्याचे आहे. चाळीस इंच लांबीचा, चाळीस छातीचा कुर्ता घ्या. शिलाई आणि दुमड धरून पुढचा व मागचा भाग प्रत्येकी त्रेचाळीस इंच लांब आणि चोवीस इंच रुंद होतो. बाही वीस इंच लांब आणि सोळा इंच रुंद. छत्तीसच्या पन्ह्यात पुढचा आणि मागचा भाग एकाखाली एक बसतात, बाजूला बारा इंचांची पट्टी उरते, तीत बाही मावत नाही. म्हणून दोन्ही बाह्या खाली शेजारी शेजारी घ्याव्या लागतात आणि एकूण एकशे सहा इंच, म्हणजे तीन वारांच्या आतबाहेर कापड लागते. पावणेतीन मीटर मागितले की काम झाले.

तोच कुर्ता चव्वेचाळीसच्या पन्ह्यात बेता. चोवीसचे दोन भाग शेजारी बसत नाहीत, परंतु एका भागाशेजारी वीस इंचांची पट्टी मोकळी राहते आणि तिच्यात दोन्ही बाह्या एकाखाली एक मावतात. लांबी शहाऐंशी इंचांवर येते, म्हणजे 2.18 मीटर, सव्वादोन मीटर घ्यावे. अठ्ठावन्नच्या पन्ह्यात दोन्ही भाग शेजारी बसतात, बाह्या त्यांच्याखाली जातात, आणि त्रेसष्ट इंचांत, म्हणजे 1.60 मीटरमध्ये कुर्ता होतो. येथे कोणी वारांचे मीटर अचूक करून पावणेतीन मीटर घेतले, तर गणित बरोबर असूनही मीटरभराहून जास्त कापड वाया जाते.

घाईत अंदाज हवा असेल तर जुन्या मापाला जुन्या पन्ह्याने गुणून नव्या पन्ह्याने भागावे. अठ्ठावन्नसाठी तीन गुणिले छत्तीस भागिले अठ्ठावन्न, म्हणजे 1.86 वार, म्हणजे 1.70 मीटर. हा अंदाज आहे. भाग शेजारी बसतात की नाही हे त्याला कळत नाही. ज्या छापात फुलांची तोंडे एकाच दिशेला असतात त्यात भाग उलटे ठेवता येत नाहीत, आणि चौकडी जुळवावयाची असेल तर प्रत्येक जोडणीला एका चौकडीइतके जास्त घ्यावे लागते. न धुतलेले सुती कापड असेल तर मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर आटण्यासाठी धरावे. म्हणून अठ्ठावन्न पन्ह्याच्या साध्या सुती कुर्त्यासाठी मी गिऱ्हाइकाला पावणेदोन मीटर आणावयास सांगतो, आणि पन्हा दुकानातच टेप लावून पाहावयास सांगतो, कारण थानावर अठ्ठावन्न लिहिलेले असले तरी किनार सोडून हाती येणारी रुंदी एखाद-दुसरा इंच कमी भरते.